पाचशे चिठ्ठ्या, पाच खोके: एफपीटीपी आणि प्रमाणशीर पद्धत वर्गात मोजून दाखवताना

प्रश्न: एसवायबीएला राज्यशास्त्र शिकवते, पहिलंच वर्ष आहे. दोन्ही पद्धतींचे गुण-दोष मुलांना पाठ आहेत पण "मग जागा नक्की कशा बदलतात" विचारलं की सगळे गप्प. फळ्यावर सोडवता येईल असं छोटं उदाहरण आहे का कुणाकडे? खरं सांगायचं तर जागावाटपाच्या डी-होंट सूत्राच्या भागाकारात मीही अडकते.

उत्तर:

बरीच वर्षं हा टॉपिक शिकवतोय, आणि माझ्या अनुभवात मुलं भागाकाराच्या आधीच अडकलेली असतात. त्यांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की एका पद्धतीत मतं "बरोबर" मोजतात आणि दुसऱ्या पद्धतीत "चुकीची". तसं काही नसतं. मतं दोन्हीकडे सारखीच मोजतात, फरक एवढाच की एका पद्धतीत ती वेगवेगळ्या खोक्यांत मोजून प्रत्येक खोक्याचा निकाल तिथल्या तिथे लावून टाकतात, आणि दुसरीत सगळे खोके एकाच टेबलावर ओततात आणि मग वाटणी करतात. एवढं डोळ्यांनी दिसलं की गुण-दोष मुलं स्वतःच सांगायला लागतात, पाठ करायची गरज उरत नाही.

म्हणून मी खरोखरच खोके आणतो. चपलांच्या दुकानातले रिकामे पाच खोके, प्रत्येकात १०० चिठ्ठ्या, म्हणजे एकूण ५०० मतदार. पक्षांना खऱ्या पक्षांची नावं द्यायची नाहीत, दिली की वर्गात वेगळाच वाद सुरू होतो आणि तास गेला. मी फळं घेतो: आंबा, फणस, काजू, करवंद. चिठ्ठ्या अशा भरायच्या:

पहिला खोका: आंबा ४२, फणस ३८, काजू २०
दुसरा खोका: आंबा ४०, फणस ३५, काजू २५
तिसरा खोका: आंबा ४५, फणस ३३, काजू २२
चौथा खोका: आंबा ४१, फणस ३६, काजू २३
पाचवा खोका: करवंद ५०, फणस २८, आंबा १२, काजू १०

आधी एफपीटीपी, म्हणजे फर्स्ट पास्ट द पोस्ट. पाच गट करा, प्रत्येक गटाला एक खोका द्या, मोजायला लावा आणि ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याचं नाव फळ्यावर लिहायला सांगा. पहिल्या चार खोक्यांत आंबा, पाचव्यात करवंद. आंबा ४, करवंद १, संपलं. इथे मुलांना सांगायचं की आंब्याला एकाही खोक्यात निम्मी मतं नाहीत, तरी चार जागा आहेत, कारण नियमात "अर्ध्याहून जास्त" असं कुठेच नाही, दुसऱ्यापेक्षा एक जास्त असलं की झालं. आपल्याकडची पुस्तकं याला कधीकधी "बहुमत पद्धत" म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. मी "सर्वाधिक मतं" हा शब्द वापरतो, बहुमत म्हणत नाही.

मग बेरीज करायला लावायची, पण आत्ता, आधी नाही. आंबा १८०, फणस १७०, काजू १००, करवंद ५०. टक्केवारीत ३६, ३४, २० आणि १०. म्हणजे ३४ टक्के मतं मिळवणाऱ्या फणसाला शून्य जागा, २० टक्केवाल्या काजूलाही शून्य, आणि १० टक्केवाल्या करवंदाला एक! इथे वर्गात दरवेळी गलका होतो, होऊ द्या, दोन मिनिटं थांबा. मग विचारा, ज्यांचा उमेदवार निवडून आला असे मतदार किती? आंब्याचे ४२, ४०, ४५, ४१ मिळून १६८ आणि करवंदाचे ५०, एकूण २१८. उरलेल्या २८२ लोकांनी दिलेल्या मतातून कुणीच सभागृहात गेलं नाही, आणि यात आंब्याचेच पाचव्या खोक्यातले १२ जणसुद्धा आले.

करवंद का जिंकलं आणि काजू का नाही, हा प्रश्न मुलांकडून येतोच, नाही आला तर आपण विचारायचा. काजूला मतं दुप्पट आहेत पण ती पाचही खोक्यांत पसरलेली आहेत, करवंदाची सगळी ५० एकाच खोक्यात आहेत. तीच ५० मतं प्रत्येक खोक्यात दहा-दहा पसरली असती तर करवंदाचंही शून्यच झालं असतं. एफपीटीपीत "मतं किती" याच्याइतकाच "मतं कुठे" हा प्रश्न मोठा असतो, आणि मतदारसंघांच्या सीमा कशा आखल्या यावर एवढी भांडणं का होतात तेही इथेच कळतं.

आता सगळे खोके टेबलावर ओता. पाचही जागा या एका ढिगातून वाटायच्या. पहिली सूचना मुलांकडून हमखास येते ती म्हणजे टक्केवारीने वाटा. वाटू द्या. पाचपैकी ३६ टक्के म्हणजे १.८, ३४ टक्के म्हणजे १.७, २० टक्के म्हणजे १ आणि १० टक्के म्हणजे ०.५. जवळच्या पूर्णांकात आणलं तर २, २, १, १. बेरीज सहा! जागा पाचच आहेत. माणूस १.८ निवडून येत नाही, आणि पूर्णांक केले की कधी जागा जास्त होतात कधी कमी पडतात, म्हणूनच डी-होंट वगैरे मंडळींना सूत्रं शोधावी लागली. ही अडचण आधी दाखवली नाही तर भागाकार मुलांना आकाशातून पडल्यासारखा वाटतो. बहुतेक नोट्समध्ये थेट तक्ता दिलेला असतो, ही पायरी नसते.

डी-होंटचा विचार साधा आहे. एकेक करून जागा द्यायची, आणि दर वेळी विचारायचं की ही पुढची जागा या पक्षाला दिली तर त्याच्या प्रत्येक जागेमागे किती मतं उरतील, आणि ज्याची जास्त उरतात त्याला ती जागा. म्हणून पक्षाची मूळ मतं भागिले (आत्तापर्यंत मिळालेल्या जागा + १).

पहिली जागा: कुणाकडेच जागा नाही, सगळ्यांना १ ने भागायचं. आंबा १८०, त्याला दिली.
दुसरी: आंबा आता १८० भागिले २, म्हणजे ९०. फणस अजून १७०. फणसाला.
तिसरी: आंबा ९०, फणस १७० भागिले २ म्हणजे ८५, काजू १००. काजूला.
चौथी: आंबा ९०, फणस ८५, काजू ५०, करवंद ५०. आंब्याला.
पाचवी: आंबा १८० भागिले ३ म्हणजे ६०, फणस ८५, बाकीचे ५०-५०. फणसाला.

निकाल: आंबा २, फणस २, काजू १, करवंद ०.

तुम्ही कुठे अडकता माहीत नाही, पण मुलांची एक चूक मी दरवर्षी बघतो. आंब्याला दुसरी जागा मिळाल्यावर १८० ला ३ ने भागायच्या ऐवजी ते ९० ला परत २ ने भागतात आणि ४५ काढतात. गंमत म्हणजे या उदाहरणात पाच जागांपर्यंत ही चूक लपते, उत्तर बरोबरच येतं. म्हणून मी वहीत सहावी जागासुद्धा काढायला लावतो. बरोबर रीतीने आंबा ६०, फणस ५६.६७, काजू आणि करवंद ५०-५०, म्हणजे सहावी आंब्याला. चुकीच्या रीतीने आंबा ४५ वर येतो आणि काजू-करवंद ५० वर बरोबरीत अडकतात. वहीत बरोबरी दिसली की समजायचं याने मूळ मतं सोडून मागच्या भागाकाराला भागलंय.

पडताळा घ्यायची एक सोपी रीत पण आहे. शेवटची म्हणजे पाचवी जागा ८५ वर गेली ना, तर सगळ्यांच्या मूळ मतांना ८५ ने भागा आणि दशांश सोडून द्या. १८० मध्ये ८५ दोनदा, १७० मध्ये बरोबर दोनदा, १०० मध्ये एकदा, ५० मध्ये शून्य. २, २, १, ०. थोडक्यात काय, ८५ हा एका जागेचा "भाव" ठरला आणि प्रत्येकाने आपल्या मतांत बसतील तेवढ्या जागा घेतल्या. बऱ्याच मुलांना तक्त्यापेक्षा हीच भाषा लवकर समजते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. चिठ्ठ्या परत आपापल्या खोक्यांत घाला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खोक्यातून आंब्याच्या तीन-तीन चिठ्ठ्या काढून त्या जागी फणसाच्या टाका. फक्त नऊ मतदारांनी मत बदललंय, पाचशेपैकी नऊ. परत मोजा. पहिला खोका आंबा ३९ फणस ४१, दुसरा ३७ आणि ३८, चौथा ३८ आणि ३९. तीन जागा फिरल्या. आंबा ४ वरून १ वर आला आणि फणस शून्यावरून ३ वर, म्हणजे सरकारच बदललं. आता तोच ढीग डी-होंटने वाटा: फणस १७९, आंबा १७१, काजू १००, मग फणस-आंब्याचे अर्धे ८९.५ आणि ८५.५. परत २, २, १, ०. काहीच हललं नाही.

एफपीटीपीची बाजू घेणारे आणि विरोध करणारे दोघंही याच नऊ चिठ्ठ्यांकडे बोट दाखवतात. थोडी मतं फिरली तरी मतदार सरकार घरी बसवू शकतो, हे एकाला बळ वाटतं. नऊ माणसांनी पाचशेंचं सरकार ठरवलं, हे दुसऱ्याला खटकतं. आणि प्रमाणशीर वाटणीत काय झालं तेही प्रामाणिकपणे दाखवायला हवं: २-२-१ मध्ये आंब्याला किंवा फणसाला सरकार करायचं तर दोघांनी तरी एकत्र यायचं नाहीतर काजूला सोबत घ्यायचं, म्हणजे २० टक्केवाला काजू बहुतेक वेळा किल्ली हातात धरून बसणार, आणि सरकार कुणाचं हे मतमोजणीनंतरच्या बैठकीत ठरणार, मत देताना लोकांना ते माहीत नसणार. मी वर्गात माझं मत लपवत नाही, मला ३४ टक्क्यांना शून्य जागा हे जास्त गंभीर वाटतं, पण काजूवाला मुद्दा खोटा नाही आणि तो झाकून शिकवू नये.

"प्रमाणशीर पद्धतीत छोट्या पक्षांना न्याय मिळतो" हे वाक्य पेपरात सगळे लिहितात, आणि आपल्याच उदाहरणात करवंदाची होती ती जागा गेली. ते अवलंबून आहे, मुख्यतः एका ढिगातून किती जागा वाटायच्या यावर. पाच जागा होत्या म्हणून १० टक्के कमी पडले. त्याच मतांवर दहा जागा वाटा, डी-होंटनेच, आंबा ४, फणस ३, काजू २, करवंद १ येतात, मुलांना घरी करायला द्या, छान बसतं. दुसरं, सूत्र कुठलं यावर. सां-लाग पद्धतीत १, २, ३ च्या ऐवजी १, ३, ५ ने भागतात. पाच जागांना निकाल तोच येतो, पण सहावी जागा डी-होंटने आंब्याला जाते आणि सां-लागने करवंदाला, कारण तिथे आंबा १८० भागिले ५ म्हणजे ३६ वर उतरतो आणि करवंद ५० वर उभं असतं. डी-होंट मोठ्या पक्षाकडे थोडा झुकतो म्हणतात तो हा असा. तिसरं, किमान मतांची अट. जर्मनीत साधारणपणे ५ टक्क्यांखाली पक्षाच्या यादीतून जागा नाही, नेदरलँड्समध्ये मात्र १५० पैकी एका जागेपुरती मतं मिळाली की आत. म्हणून "प्रमाणशीर पद्धतीत असं होतं" असं सरसकट वाक्य आलं की मी मुलांना विचारतो, किती जागांचा ढीग, कुठलं सूत्र, अट किती?

फळं झाली की एक खरा निकाल घ्या. मी गोवा विधानसभा २०२२ घेतो, कारण सभागृह ४० चंच आहे आणि मतदारसंघ लहान, साधारण तीस हजाराच्या आत-बाहेर मतदारांचे. भाजप ३३.३ टक्के मतं आणि २० जागा. काँग्रेस २३.५ टक्के, ११ जागा. रिव्होल्युशनरी गोवन्स जवळपास साडेनऊ टक्के आणि जागा फक्त १. मगो ७.६ टक्के, २ जागा. आप ६.८ टक्के, २ जागा. तृणमूल ५.२ टक्के, शून्य. गोवा फॉरवर्ड १.८ टक्के, १ जागा. अपक्ष ३. मुलांना फळं शोधायला सांगा. आंबा लगेच सापडतो, एक तृतीयांश मतांवर निम्मं सभागृह. काजूसारखे पसरलेले म्हणजे रिव्होल्युशनरी गोवन्स आणि तृणमूल. आपची मतं रिव्होल्युशनरी गोवन्सपेक्षा कमी पण जागा दुप्पट, कारण त्यांच्या दोन्ही जागा, बाणावली आणि वेळ्ळी, सासष्टीतल्या शेजारशेजारच्या भागातल्या, म्हणजे तिथे ते करवंद होते. ४० मधला सरळ हिस्सा काढला तर भाजप १३ च्या आसपास, काँग्रेस ९, रिव्होल्युशनरी गोवन्स जवळजवळ ४, मगो ३ येतो.

पण इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चांगली मुलंसुद्धा चुकीचा निष्कर्ष काढतात. "प्रमाणशीर पद्धत असती तर भाजपला १३ जागा मिळाल्या असत्या" असं म्हणता येत नाही. ही मतं एफपीटीपीच्या नियमाखाली पडलेली आहेत. आपला उमेदवार येणार नाही म्हणून किती जणांनी दुसऱ्या पसंतीला मत दिलं ते आपल्याला दिसत नाही. गोवा फॉरवर्डने काँग्रेसशी युती करून मोजक्याच जागा लढवल्या म्हणून राज्यभराची टक्केवारी १.८ दिसते, यादीची पद्धत असती तर त्यांनी सगळीकडे मतं मागितली असती. आणि तीन अपक्ष, जे गावातल्या स्वतःच्या वजनावर आले, ते कुठल्या यादीत असते? नियम बदलला की पक्षही बदलतात आणि मतदारही. फेरमोजणीतून नियमाचा परिणाम समजतो, तिला भाकीत समजायचं नाही.

नियम बदलल्यावर खरंच काय होतं हे बघायचं तर न्यूझीलंड घ्या. तिथे १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत लेबरला मतं नॅशनल पक्षापेक्षा जास्त आणि तरी सरकार नॅशनलचं आलं, आणि १९८१ मध्ये सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांच्या वर मतं आणि जागा दोन. काजूची ही खरी गोष्ट. पुढे १९९३ ला सार्वमत झालं आणि १९९६ पासून मिश्र पद्धत आली: प्रत्येकाला दोन मतं, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाला, आणि एकूण जागा पक्षाच्या मताच्या प्रमाणात भरून काढायच्या. त्यानंतर कुठल्याही एका पक्षाला एकट्याने बहुमत मिळायला २०२० उजाडलं, तेव्हा लेबरला निम्मी मतं आणि १२० पैकी ६५ जागा मिळाल्या. निम्म्या मतांना साधारण निम्म्या जागा, वर थोड्या, त्याही मुख्यतः किमान अटीखाली राहिलेल्या पक्षांची मतं बाद झाल्यामुळे.

राज्यसभेचा प्रश्न कुणीतरी विचारेलच, तेव्हा थोडक्यात सांगून टाका. आपल्याकडे राज्यसभेला प्रमाणशीर प्रतिनिधित्व आहे, पण ते यादीचं नाही, एकल संक्रमणीय मताचं आहे, तिथे आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि डी-होंटचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात सहा जागांची निवडणूक असली आणि २८८ मतं वैध धरली तर प्रत्येक मताची किंमत १००, म्हणजे २८,८००, भागिले सात, अपूर्णांक सोडून अधिक एक, ४,११५. पेपरात "४२ आमदारांचा कोटा" छापून येतो तो इथून. या तासात याच्या खोलात जाऊ नका, दोन्ही एकत्र शिकवलं की मुलं पसंतीक्रम आणि भागाकार एकमेकांत मिसळतात, मी तो पुढच्या आठवड्यात वेगळा घेतो.

वेळेचं म्हणाल तर एका तासात सगळं बसत नाही. पहिल्या तासाला खोके, एफपीटीपीची मोजणी आणि पूर्णांकांची अडचण, तिथेच सोडायचं, सहा जागा कशा झाल्या यावर मुलं घरी विचार करून येतात. दुसऱ्या तासाला डी-होंट, सहावी जागा आणि नऊ चिठ्ठ्या. गोवा आणि न्यूझीलंड ट्यूटोरियलला. आणि एक बारीक गोष्ट, त्या नऊ चिठ्ठ्यांच्या मागे पेन्सिलने आधीच खूण करून ठेवा आणि फणसाच्या बदलीच्या नऊ चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात घेऊन जा, वर्गासमोर शंभरातून आंब्याच्या तीन शोधत बसलं की दहा मिनिटं तिथेच जातात.